पहिली अढी

मल्लखांबापाशी पहिल्यांदा आलेलं तेरा-चौदा वर्षांचं मूल सगळ्यात आधी वर बघतं. टोकाला बोंड, त्याखाली बारीक मान आणि मानेखाली गुळगुळीत सागवानी अंग. खांब जमिनीपासून सुमारे 2.6 मीटर उंच असतो. बुंध्याशी त्याचा घेर साधारण 55 सेंटिमीटर असतो आणि वर निमुळता होत तो 35 सेंटिमीटरपर्यंत येतो. मुलाने कुठेतरी बोंडावर एका पायावर उभा राहिलेला खेळाडू पाहिलेला असतो आणि त्यालाही तिथंच जायचं असतं. शिकवणाऱ्याची नजर मात्र खाली, खांबाच्या बुंध्याकडे असते. पहिले काही आठवडे सगळं काम होणार ते जमिनीपासून छातीएवढ्या उंचीत, आणि मान जपायची तीही तिथंच.

या प्रकरणात एकच गोष्ट नीट शिकून घेऊ. ती म्हणजे साधी अढी. हातांनी खांब धरायचा, पाय वर न्यायचे, दोन्ही मांड्यांमध्ये खांब घट्ट धरायचा आणि डोकं खाली करून स्थिर राहायचं. तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल असे मल्लखांबाचे प्रकार पुष्कळ आहेत. पण मांड्यांची पकड आणि उलटं होण्याची सवय या दोन्ही गोष्टी अढीतच पहिल्यांदा एकत्र येतात. अढी कच्ची राहिली तर पुढचं सगळं कच्चं राहतं, आणि शिकताना पडण्याचा पहिला खरा धोकाही अढीतच असतो.

थोडं मागे जाऊ, कारण त्याचा शिकवण्याशी संबंध आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. तेव्हा तो पैलवानाचा पूरक व्यायाम होता. खांबाला भिडणारा माणूस आधीच जोर-बैठका काढून तयार झालेला असे. त्याला पडायचं कसं हे कुस्तीतून ठाऊक असे आणि पायाखाली आखाड्याची भुसभुशीत माती असे. आज येणारं मूल दिवसाचे सहा-सात तास बाकावर बसून आलेलं असतं. त्याला साधी कोलांटीही येत नसते आणि हॉलमध्ये फरशी असते. म्हणून पैलवानाने खांबापाशी येण्याआधी जे कमावलेलं असे, ते या मुलाला खांबापाशीच आणि आधी द्यावं लागतं.

सुरुवात गाद्यांपासून करू. सर्वाधिक चुका इथेच होतात आणि त्या दिसतही नाहीत. खांबाच्या एकाच बाजूला, मूल जिथून चढणार तिथे गादी टाकलेली बऱ्याच शाळांत दिसते. पण पडणारा माणूस बाजू निवडत नाही. गाद्या चारही बाजूंनी हव्यात आणि खांबाच्या अंगाला अगदी चिकटून हव्यात. गादी आणि बुंधा यांच्यात चार बोटांची फट राहिली तरी उतरताना पाऊल तीत जातं आणि घोटा मुरगळतो. मध्ये अर्धगोल कापलेल्या दोन गाद्या समोरासमोर सरकवून खांबाला कवेत घेतात, तशी व्यवस्था उत्तम. ती नसेल तर साध्या गाद्या चिकटवून ठेवाव्यात आणि बुंध्याशी उरलेली फट घट्ट घडी केलेल्या जाजमाने भरावी. दोन गाद्यांमधला सांधाही तितकाच वाईट. वेलक्रोच्या पट्ट्या असतील तर त्या लावाव्यात. नसतील तर सांध्यावर आडवी एक पातळ गादी टाकावी.

किती लांबपर्यंत गादी हवी, हे मूल काय करतंय त्यावर ठरतं. अढीत मांड्या सुटल्या तर मूल लांब फेकलं जात नाही. ते बुंध्याशी, जवळपास सरळ खाली येतं. आधी खांदे आणि मान टेकतात, मग पाठ खांबापासून दूर लवंडते. म्हणजे इथे सगळ्यात चांगली गादी हवी ती बुंध्यालगतच्या हातभर जागेत आणि मुलाच्या पाठीमागे. वरून उडी मारून उतरणारं मूल मात्र खांबापासून एक-दीड मीटरवर येतं. म्हणून चहूबाजूंनी दोन मीटरपर्यंत गादी असावी आणि त्यापलीकडे बाक, सायकली, दप्तरं काही असू नये. खाली कडक फोमची सुमारे दहा सेंटिमीटरची गादी आणि अढीच्या वेळी पाठीमागच्या बाजूला तिच्यावर वीस-तीस सेंटिमीटर जाडीची मऊ गादी, असे दोन थर सोयीचे पडतात. उड्यांच्या वेळी ती मऊ गादी काढून घ्यावी. तिच्यात पाऊल रुतून घोटा कलतो.

गादीची मर्यादा मुलांनाही स्पष्ट सांगावी. पाठीवर, कुल्ल्यावर, पायांवर पडलं तर गादी वाचवते. डोक्यावर सरळ पडलं तर मानेवर शरीराचं सगळं वजन येतं आणि कितीही मऊ गादी असली तरी मान दुमडते. मऊ गादीत डोकं रुतून बसतं आणि शरीर पुढे जात राहतं, तेव्हा धोका उलट वाढतोच. उलट्या स्थितीत मानेचं संरक्षण करतात ते आधार देणाऱ्याचे हात. गादी ही त्या हातांनंतरची सोय.

हा आधार देणं शिकवावं लागतं. जवळ उभं राहणं म्हणजे आधार देणं नव्हे. पहिल्या अढीला दोघं हवेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मूल खांबाकडे तोंड करून उभं असतं, त्यामुळे उलटं झाल्यावर त्याचं पोट खांबाकडे आणि पाठ बाहेर येते. दोन्ही आधार देणाऱ्यांनी मुलाच्या किंचित मागे, बाजूला उभं राहायचं. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. एका हाताचा तळवा मुलाच्या पाठीच्या वरच्या भागावर, खांद्याच्या फऱ्यापाशी. दुसरा कमरेखाली. पाय वर जाताना कमरेखालचा हात उचलायला मदत करतो आणि फऱ्यावरचा हात वजन यायच्या आधीपासून तिथं असतो. मूल उलटं झालं की हाच वरचा हात खाली खांद्याशी येतो आणि गरज पडली तर खांदा व डोकं दोन्ही उचलून धरतो. मूल स्थिर झाल्यावर आधार देणाऱ्याने एक गुडघा टेकला तर हात योग्य उंचीवर राहतात आणि स्वतःच्या कमरेवरही ताण येत नाही. अगदी मागे मधोमध मात्र उभं राहायचं नाही. परत येणारे पाय थेट तोंडावर बसतात.

घसरताना दिसलं की नवखा आधार देणारा नेमका पाय पकडायला धावतो. तिथंच घात होतो, कारण पाय वर धरले गेले की डोकं आणखी जोरात खाली जातं. मनगट धरून ओढणंही तितकंच चुकीचं. त्याने खांदा निखळू शकतो. नियम सोपा आहे: वरचं धड धरायचं, आपल्या अंगाशी घ्यायचं आणि मुलासह हळूहळू खाली बसायचं. पडणं थांबवता आलं नाही तरी त्याचा वेग कमी होतो आणि डोक्याऐवजी पाठ टेकते. एवढं साधलं तर काम झालं.

आधी हे खांबाशिवाय करून पाहावं. एकाने गादीवर पाठीवर झोपून पाय वर घ्यायचे, दुसऱ्याने फरे आणि कंबर धरून त्याला वर उचलून परत निजवायचं. या वयाची मुलं हे पटकन शिकतात आणि नंतर एकमेकांना नीट सांभाळतात. तरी पहिल्या काही अढ्यांना दोघांपैकी एक जण मोठा, शिकवणारा असलाच पाहिजे. चाळीस-पन्नास किलोचं शरीर अचानक हातावर येतं, ते एकट्या समवयस्काच्या भरवशावर सोडायचं नाही.

स्पर्शाचा विषय या वयात टाळून चालत नाही. आपला हात कुठे येणार, हे आधी बोलून, स्वतःच्या अंगावर दाखवून सांगावं. “माझा एक हात फऱ्यावर राहील, एक कमरेखाली. चालेल?” मुलींसाठी ताई किंवा दुसरी शिकलेली मुलगी असेल तर उत्तम. नसेल तर वर्ग सगळ्यांसमोर, उघड्यावर चालावा. मुलाला नको वाटत असेल तर अढी त्या दिवशी होत नाही, एवढंच. आधाराविना ‘एकदा करून बघ’ ही सवलत मात्र कोणालाही नाही.

आता मुलाच्या शरीराकडे येऊ. बारा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडं आधी लांबतात आणि स्नायूंची ताकद मागाहून येते. गेल्या वर्षी दोरीवर सरसर चढणारा मुलगा या वर्षी अचानक जड आणि अवघडलेला वाटतो. त्याचा सराव कमी पडलेला नसतो. हातपाय लांब झालेले असतात. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा याच काळात नाजूक असतात, म्हणून मनगट, कोपर, गुडघ्याखालचं हाड किंवा टाच यांत एकाच जागी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणं राहत असेल, तर ते अंगदुखीत जमा करू नये. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावं. फिट येणं, रक्तदाब, डोळ्यांचा किंवा कानाचा आजार, पूर्वी निखळलेला खांदा, नुकतंच बरं झालेलं हाड यांपैकी काही असेल तर उलट्या प्रकारांआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. आणि जेवून दोन-अडीच तास झालेले असावेत.

खांबाला हात लावण्याआधी पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. मुलाला आडव्या बारला दहा-पंधरा सेकंद लटकता येतं का? हनुवटी छातीशी घेऊन पुढची आणि मागची कोलांटी येते का? गुडघाभर उंच पेटीवरून दोन्ही पायांवर, गुडघे सैल ठेवून, आवाज न करता उतरता येतं का? यातलं काही येत नसेल तर तोच पहिल्या पंधरवड्याचा अभ्यासक्रम. कोलांटीचा आग्रह का, तर हनुवटी आत घेण्याची सवय तिच्यातून लागते. घाबरलेलं मूल मान मागे टाकून जमीन शोधतं आणि त्या क्षणी मान सगळ्यात उघडी पडते.

पेहरावातही कारणं आहेत. मांडीच्या आतली कातडी थेट खांबाला लागली तर पकड बसते, म्हणून मुलगे आखूड चड्डीवर आणि मुली जिम्नॅस्टिकच्या घट्ट पोशाखात सराव करतात. पायजमा किंवा ट्रॅक पँट घालून अढी मारली की कापड खांबावरून सरकतं आणि मूल त्याच्यासोबत. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी, टोकदार पिन हे सगळं काढून ठेवायचं. अंगठी अडकून बोटाची होणारी इजा फार वाईट असते.

खांबाला एरंडेल लावतात, ते कातडी सोलवटू नये म्हणून. नवख्यांसाठी ते अगदी कमी लावावं. फडक्यावर थोडं घेऊन खांब पुसावा आणि कोऱ्या फडक्याने पुन्हा एकदा पुसून काढावा. तळहाताने वरून खाली घासून पाहिलं की अंदाज येतो. हात अडखळत सरकला तर बरोबर, सुळकन गेला तर तेल जास्त झालं. चार-पाच मुलं होऊन गेली की घामही त्यात मिसळतो, तेव्हा खांब परत पुसायचा. गाद्यांवर सांडलेलं तेल त्याहून वाईट. उतरणारं मूल त्यावरच घसरतं.

इतकं झाल्यावर खांब. पहिला पाठ मिठीचा. मूल खांबाला बिलगून दोन्ही हातांनी कव घालतं, एक पाय वर घेऊन मांडीने खांब दाबतं, मग दुसरा पायही उचलतं आणि पाच सेकंद तसंच राहतं. हात, मांड्या आणि पावलं तिन्ही ठिकाणी पकड जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर मूल हातांवरच लटकतंय, आणि त्याची बोटं पांढरी पडलेली दिसतील. मग दोन हात चढायचं आणि तसंच, एकेक पकड करत, दोन हात उतरायचं. घसरत खाली यायचं नाही. जितकं वर जाता येतं त्यापेक्षा जितकं सावकाश उतरता येतं तेवढीच उंची त्या मुलाची, हा नियम पहिल्याच दिवशी लागू करावा. माझ्या मते मल्लखांबाच्या वर्गात शिस्तीचा याहून महत्त्वाचा नियम नाही. चढण्याची ताकद संपल्यावर उतरायची ताकद उरलेली असावी लागते, आणि या वयात ती कुठे संपली हे मुलाला स्वतःला कळत नाही.

दुसरा पाठ मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात पडायला जागाच नाही. मुलाने गादीवर पाठीवर झोपायचं, कुल्ले बुंध्याशी आणि पाय खांबाला लागून वर. आता खांब दोन्ही मांड्यांच्या मध्ये घ्यायचा. एक पाय खांबाच्या पुढून, एक मागून असा विळखा घालायचा आणि मांड्या दाबायच्या. कोणता पाय पुढे सोयीचा वाटतो ते इथे ठरतं. दाबलेलं टिकलं की हात बुंध्याला धरून कुल्ले गादीवरून थोडे उचलायचे, खांदे मात्र टेकलेलेच ठेवायचे. शिकवणाऱ्याने मांडी आणि खांब यांच्यामध्ये बोट घालून पाहावं. मांडीच्या वरच्या भागात बोट जात नसेल तर पकड खरी. गुडघ्यांपाशी घट्ट पण वर मोकळं असेल, तर हेच मूल उद्या उलटं झाल्यावर घसरणार. ही चूक आठ-दहा मुलांत दोघा-तिघांची तरी असते. पाठीवर झोपलेलं असताना ती सापडते, तेव्हा सुधारायला काही मोल द्यावं लागत नाही.

इथे खांबाचा घेरही लक्षात घ्यावा. बुंध्याशी 55 सेंटिमीटर घेर म्हणजे व्यास सतरा सेंटिमीटरच्या पुढे. लहान चणीच्या मुलाचा विळखा तिथे पुरतच नाही. अशा वेळी त्याला वरच्या बारीक भागाकडे पाठवण्याचा मोह होतो, पण तसं केलं की उंची वाढते. बऱ्याच व्यायामशाळांत मुलांसाठी कमी घेराचा, कमी उंचीचा वेगळा खांब असतो. मुलांना शिकवणाऱ्याने तोच मागून घ्यावा.

तिसऱ्या पाठात अर्धी अढी. हातांची मिठी छातीच्या उंचीवर, दोघं आधाराला, आणि मुलाने गुडघे पोटाशी घेत कुल्ले हातांच्या पातळीपर्यंत न्यायचे व आल्या वाटेने पाय परत खाली आणायचे. विळखा घालायचाच नाही. हा अर्धा रस्ता जाऊन परत येणं पाच-सहा वेळा शांतपणे जमलं की उतरण्याची वाट अंगवळणी पडते. पाय झोकून दिले तर ते परत आणता येत नाहीत. गुडघे आवळून, पोटाच्या ताकदीवर नेले तर येतात. झोका घेणाऱ्या मुलाला इथेच थांबवावं, मग तो कितीही उत्साही असो.

आता एका मुलाचं उदाहरण धरून पूर्ण अढीकडे जाऊ. समजा मुलगा चौदा वर्षांचा, पन्नास किलोचा आहे, वर्षभरात चांगलाच उंच झाला आहे, हाताची ताकद उत्तम. मिठी आणि चढ-उतार त्याला पहिल्याच आठवड्यात आले. झोपून विळखाही आला. अर्धी अढीही व्यवस्थित. पूर्ण अढीला दोघं आधाराला उभे राहिले, त्याने पाय वर नेले, विळखा घातला, आणि दोन सेकंदांत तो उजव्या मांडीवरून खाली सरकू लागला. आधार होता, त्याला अलगद निजवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने हात इतके आवळले की तो टिकला, पण चेहरा लाल, श्वास कोंडलेला आणि पाय थरथरत होते.

इथे बरेच जण ‘टिकला’ म्हणून पुढे जातात. पण तो हातांवर टिकला होता. हातच तर पुढे सोडायचे आहेत! नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. पाय लांबल्यामुळे त्याचा विळखा घोट्यांपाशी पडतोय, मांड्यांच्या वरच्या भागात पोकळी राहतेय. शिवाय तो खाली बघायला मान मागे टाकतोय, त्यामुळे कंबर कमानीसारखी वाकून पोट खांबापासून सुटतंय. उपाय दोन पायऱ्या मागे आहे. परत गादीवर झोपवून, कुल्ले बुंध्याला अगदी भिडवून, खांब जांघेत आला की मगच विळखा घालायचा. रोज दहा-दहा सेकंदांची चार-पाच वेळा दाबणूक. सोबत हनुवटी छातीशी आणि नजर स्वतःच्या पोटाकडे. आठवडाभराने पूर्ण अढीला त्याला एकच सूचना द्यायची: “पोट खांबाला लाव.” पोट लागलं की कुल्ले आत येतात आणि जांघ आपोआप भिडते. मग तो पाच सेकंद टिकतो आणि महत्त्वाचं म्हणजे त्या पाच सेकंदांत मोठ्याने आकडे मोजू शकतो. मोजता येणं म्हणजे श्वास चालू आहे. ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची.

हात कधी सोडायचे? मुलाने हात खांबाला नुसते टेकवून, बोटं सैल करून, दहा सेकंद अढी धरली आणि ती वेगवेगळ्या दिवशी धरली, की मग. आधी एक हात, तोही काही बोटं दूर. मग दुसरा. तोपर्यंत आधार दोघांचा. त्यानंतर एकाचा, आणि तो एक जण फऱ्यापाशी हात न लावता पण वीतभर अंतरावर धरून उभा. ‘सोडतोय’ किंवा ‘घ्या’ असा एक शब्द आधी ठरवावा. तो शब्द आला की आधार देणाऱ्याने कारण न विचारता उचलायचं. उलटं राहणं सुरुवातीला दहा सेकंदांच्या पुढे नेऊ नये. खाली आल्यावर मुलाला क्षणभर बसू द्यावं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा डोकं ठणकणं असेल तर त्या दिवशीचं उलटं काम संपलं. मांडीच्या आत लाल रेघा उठणं नेहमीचं. कातडी सोलली किंवा पाणी सुटलं तर ती भरून येईपर्यंत अढी बंद, कारण दुखरी मांडी मूल नकळत सैल सोडतं.

या क्रमाला किती दिवस लागतात, हे मुलामुलांवर आहे. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या मुलाला दीड-दोन महिने लागले तर ते उशिरा आलं असं समजू नये. अढी पक्की झाल्यावर अढीतूनच पोटाच्या बळावर वर उठून, मांड्यांच्या वरती खांब धरून, पाय सोडून पुन्हा वरची अढी घेत चढायचं असतं. तिथे गादीपासूनचं अंतर दर अढीला वाढतं, म्हणून तो वेगळा टप्पा समजावा आणि आधार देणाऱ्याचे हात पोहोचतील तिथपर्यंतच त्याची हद्द ठेवावी.

दोरीवर क्रम हाच, पण धोके निराळे. पूर्वी हा मल्लखांब वेतावर होत असे. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोरी आली आणि आज मुली मुख्यतः तिच्यावर सराव करतात. साधारण साडेपाच मीटर लांबीची ही दोरी वर कडीला टांगलेली असते. दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून सगळे प्रकार होतात, त्यामुळे पहिला पाठ वर चढण्याचा नसतोच. मुलगी गादीवर बसते, दोरीचं टोक चिमटीत घेते, पाय लांब करते आणि शिकवणारी ताई दोरी हळूच ओढते. दोरी सुटली नाही की चिमटी बसली. या बोटांना असल्या कामाची सवय नसते, म्हणून सुरुवातीचे दिवस दोन-तीन मिनिटांपुरतेच. कातडी लाल झाली की थांबायचं.

त्यानंतर उभं राहून, डोक्याच्या उंचीवर दोरी धरून, चिमटीवर वजन घेऊन गादीपासून वीतभर वर उठायचं आणि परत उतरायचं. उतरताना हात एकाखाली एक ठेवत यायचं. हात घसरवला तर दोरीने तळहात भाजतो, आणि भाजलेल्या हाताने मूल दोरी सोडून देतं. खांबावरच्या घसरण्यापेक्षा ही इजा वेगाने होते. दोरीचे विळखे पाय, मांडी आणि कमरेभोवती पडतात. शिकाऊ टप्प्यात गळ्याशी आणि छातीवर आडवा विळखा कधीच घ्यायचा नाही. पायाला मुंग्या आल्या किंवा पाऊल पांढरं-निळं दिसलं तर विळखा सोडवून लगेच खाली. केस घट्ट बांधलेले आणि वेणी आत खोवलेली असावी, कारण विळख्यात केस अडकले की मुलगी मान वळवते आणि पकड विसरते.

दोरी हलते, म्हणून गादीचं माप इथे मोठं लागतं. टोकाला झोका आला तर मुलगी मधल्या जागी पडत नाही. सुरुवातीला एकीने दोरीचं खालचं टोक स्थिर धरून ठेवायचं, आणि ते धरणाऱ्या मुलीने वरच्या मुलीच्या थेट खाली उभं राहायचं नाही. आधार देणारी ताई बाजूला, तिचे हात मुलीच्या फऱ्याच्या पातळीवर. हात पोहोचत नाहीत त्या उंचीवर पहिल्या महिन्यात कोणी जायचं नाही.

वर्ग सुरू होण्याआधी शिकवणाऱ्याने रोज स्वतः दोरीवर लटकून पाहावं, झटका न देता पूर्ण वजन टाकावं. वरची कडी, तिचा बोल्ट आणि दोरी कडीवर घासते ती जागा शिडी लावून आठवड्यातून एकदा जवळून बघावी. तिथले धागे उसवलेले, चपटे झालेले किंवा काळपट कडक पडलेले दिसले की दोरी उतरवून टाकायची. खालून ती कितीही चांगली दिसत असली तरी.